निषिद्ध यादीचा इतिहास आणि व्यवहार : गुहागर परिसरातील एका वितरणक्रमाच्या आधारे

सारांश

क्रम लावण्याच्या प्रश्नांसाठी वापरल्या जाणाऱ्या टाबू शोधपद्धतीचा उगम १९८६ च्या सुमारास झाला. या पद्धतीचा गाभा म्हणजे अल्पकालीन स्मृतीची यादी होय. ही यादी कोणत्या अडचणीतून निर्माण झाली, ती नेमके काय लक्षात ठेवते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी गुहागर तालुक्यातील पाच गावांना माल पोचविण्याचे एक लहान उदाहरण सहा आवर्तनांपर्यंत सोडवून दाखविले आहे. यादी उत्तरांवर बंदी घालत नाही, ती केवळ कृतींवर बंदी घालते. तिचे बळ आणि तिच्यातील फटी या दोहोंचे मूळ याच निवडीत आहे, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : टाबू शोध, अदलाबदल, निषिद्ध यादी, निषेधकाल, स्थानिक किमान, वितरणक्रम.

प्रस्तावना

एका ठिकाणाहून निघून अनेक ठिकाणी जावयाचे आणि परत यावयाचे, तर कोणत्या क्रमाने जावे? हा प्रश्न फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न या नावाने गणितात परिचित आहे. भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पाहणीच्या संदर्भात १९४० मध्ये नमुना-ठिकाणांदरम्यानच्या प्रवासाच्या खर्चाचा विचार केला होता. डँटझिग, फुल्कर्सन व जॉन्सन यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ४९ शहरांचा प्रश्न अचूकपणे सोडविला. १९५९ मध्ये डँटझिग व रॅम्सर यांनी साठवणकेंद्रातून पेट्रोलपंपांना इंधन पुरविणाऱ्या गाड्यांचा प्रश्न मांडला आणि येथून माल-वितरणाचा प्रश्न स्वतंत्रपणे अभ्यासला जाऊ लागला.

अचूक उत्तराची अडचण संख्येत आहे. पाच ठिकाणांचे १२० क्रम होतात. जाण्यायेण्यास सारखाच वेळ लागतो असे मानले, तर सुलट व उलट क्रम एकच ठरून ६० उरतात. वीस ठिकाणांसाठी हीच संख्या सुमारे १२ च्या पुढे सतरा शून्ये इतकी होते. त्यामुळे हाती असलेला क्रम थोडाथोडा सुधारत नेण्याची पद्धत रूढ झाली. टाबू शोधाचा इतिहास हा या सुधारणेच्या वाटेवरील एका विशिष्ट अडथळ्याचा इतिहास आहे.

सुधारणेची पूर्वपरंपरा आणि तिची कोंडी

क्रम सुधारण्याची सर्वांत साधी कृती म्हणजे दोन ठिकाणांची अदलाबदल. यंत्रे किंवा विभाग कारखान्यात कोठे बसवावेत या प्रश्नासाठी आर्मर व बफा यांनी १९६३ मध्ये जोडी-अदलाबदलीची पद्धत वापरली. मार्गाच्या प्रश्नात क्रोज यांनी १९५८ मध्ये आणि लिन यांनी १९६५ मध्ये वेगळी कृती योजली. मार्गातील काही दुवे तोडून तुकडे उलटे जोडावयाचे, अशी ती होती. कृती कोणतीही असली तरी नियम एकच होता : एका कृतीने पोचता येतील असे सर्व क्रम तपासावेत आणि अधिक चांगला सापडल्यास तो स्वीकारावा. एका कृतीच्या अंतरावरील अशा सर्व क्रमांना त्या क्रमाचे शेजार म्हणतात.

शेजारातील एकही क्रम अधिक चांगला नसला की ही पद्धत थांबते. अशा क्रमाला स्थानिक किमान म्हणतात. तो खरोखर सर्वोत्तम असेलच असे नाही. कोंडी अशी की, पुढे जावयाचे तर आधी वाईट क्रम स्वीकारावा लागतो; आणि तो स्वीकारताच पुढच्याच पायरीला सर्वांत आकर्षक कृती म्हणजे मागे परतणे, ही असू शकते. म्हणजे केवळ वाईट क्रम स्वीकारण्याची मुभा देऊन भागत नाही. परतीची वाट बंद करण्याचीही सोय करावी लागते.

या कोंडीवर दोन भिन्न उत्तरे पुढे आली. कर्कपॅट्रिक, जेलाट व वेक्ची यांनी १९८३ मध्ये दैवाचा आधार घेतला. धातू सावकाश थंड करण्याच्या प्रक्रियेवरून सुचलेल्या त्यांच्या पद्धतीत वाईट क्रम काही शक्यतेने स्वीकारला जातो आणि ही शक्यता हळूहळू कमी केली जाते. दुसरे उत्तर स्मृतीचे होते. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठातील फ्रेड ग्लोव्हर यांनी पूर्णांकी नियोजनाच्या प्रश्नांसंबंधीच्या १९७७ च्या लेखात त्याची बीजे मांडली होती. १९८६ मधील लेखात त्यांनी या पद्धतीला टाबू शोध हे नाव दिले. त्याच वर्षी पिअर हान्सन यांनी स्वतंत्रपणे जवळपास हाच विचार मांडला. सर्वांत तीव्र चढाने वर जावे आणि उतरणे भाग पडल्यास सर्वांत सौम्य उताराने उतरावे, असे त्यांच्या पद्धतीचे वर्णन होते. ग्लोव्हर यांनी १९८९ व १९९० मधील दोन विस्तृत लेखांत या पद्धतीची व्यवस्थित मांडणी केली.

टाबू हा शब्द पॅसिफिक महासागरातील टोंगा बेटांवरचा. कॅप्टन कुक यांच्या १७७७ मधील नोंदींतून तो इंग्रजीत आला. मराठीत त्यासाठी निषिद्ध हा शब्द सहज योजता येतो. येथे निषेध कायमचा नसतो, हे मात्र लक्षात घ्यावयास हवे. सुतक जसे ठरावीक दिवसांनी फिटते, तसा हा निषेधही ठरावीक आवर्तनांनंतर आपोआप उठतो. या मुदतीला येथे निषेधकाल म्हटले आहे.

गुहागर परिसरातील उदाहरण

ग्लोव्हर यांनी १९९० च्या एका परिचयपर लेखात उष्णतारोधक पदार्थाच्या सात घटकांचा क्रम अदलाबदलीने सुधारून दाखविला होता आणि तीन आवर्तनांचा निषेधकाल वापरला होता. तीच रीत पुढे वितरणक्रमाला लावली आहे.

गुहागर तालुका उत्तरेस वाशिष्ठीची खाडी आणि दक्षिणेस जयगडची खाडी यांच्या दरम्यान वसला आहे. गुहागरहून एक वाट किनाऱ्याने दक्षिणेस पालशेत, वेळणेश्वर व हेदवी अशी जाते. दुसरी पूर्वेस शृंगारतळीवरून चिपळूणच्या दिशेने निघते. आबलोली आतल्या बाजूस असून तेथून शृंगारतळीकडे व हेदवीकडे जाता येते. गुहागरमधील एका गोदामातून एक टेम्पो निघून या पाचही ठिकाणी माल उतरवून परत यावयाचा आहे, असे मानू. गावांची मांडणी खरी आहे. तक्ता १ मधील प्रवासाचे वेळ मात्र उदाहरणापुरते गृहीत धरले आहेत. पुढे गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, आबलोली व शृंगारतळी यांसाठी अनुक्रमे गु, पा, वे, हे, आ व शृ ही अक्षरे योजली आहेत.

तक्ता १ : प्रवासाचे गृहीत वेळ (मिनिटे)

| | पा | वे | हे | आ | शृ |
|---|---|---|---|---|---|
| गु | १४ | ३४ | ५२ | ४६ | १६ |
| पा | – | २० | ३८ | ४१ | २० |
| वे | | – | १८ | ४४ | ३८ |
| हे | | | – | २६ | ५४ |
| आ | | | | – | ३० |

प्रत्येक क्रमाच्या सुरुवातीस व शेवटी गुहागर आहेच, म्हणून ते पुन्हा लिहिलेले नाही. पाच ठिकाणांतून दोन निवडण्याचे दहा प्रकार होतात. तेव्हा प्रत्येक क्रमाच्या शेजारात दहा क्रम असतात. नियम पुढीलप्रमाणे आहेत. दर आवर्तनात दहाही अदलाबदली तपासावयाच्या. यादीत नसलेल्या अदलाबदलींपैकी जिचा एकूण वेळ सर्वांत कमी, ती स्वीकारावयाची, मग तो वेळ आधीपेक्षा जास्त असला तरी चालेल. स्वीकारलेली जोडी यादीच्या अग्रभागी लिहावयाची आणि यादीत तीनपेक्षा जास्त जोड्या झाल्यास सर्वांत जुनी काढून टाकावयाची. या निषेधाला एकच अपवाद आहे. निषिद्ध अदलाबदलीतून आजवरच्या सर्वोत्तमापेक्षाही कमी वेळ मिळत असेल, तर निषेध मोडता येतो. याला आकांक्षेचा निकष म्हणतात.

दहाही क्रमांची बेरीज नव्याने करण्याची गरज नसते, कारण एका अदलाबदलीने जास्तीत जास्त चार दुवे बदलतात. उदाहरणार्थ, शृ–पा–वे–हे–आ या १४६ मिनिटांच्या क्रमात वेळणेश्वर व आबलोली यांची अदलाबदल केली असता पा–वे, वे–हे, हे–आ व आ–गु हे एकूण ११० मिनिटांचे दुवे जातात. त्यांच्या जागी पा–आ, आ–हे, हे–वे व वे–गु हे ११९ मिनिटांचे दुवे येतात. वाढ ९ मिनिटांची, म्हणून नवा वेळ १५५.

सहा आवर्तने

आरंभीचा क्रम शृ–वे–पा–हे–आ असा घेतला आहे. त्याचा एकूण वेळ १८४ मिनिटे होतो.

तक्ता २ : आवर्तने आणि निषिद्ध यादी

| आवर्तन | अदलाबदल | नवा क्रम | वेळ | आवर्तनानंतरची यादी (नवी ते जुनी) | आजवरचा सर्वोत्तम |
|---|---|---|---|---|---|
| ० | – | शृ–वे–पा–हे–आ | १८४ | रिकामी | १८४ |
| १ | पा, वे | शृ–पा–वे–हे–आ | १४६ | (पा, वे) | १४६ |
| २ | वे, आ | शृ–पा–आ–हे–वे | १५५ | (वे, आ) (पा, वे) | १४६ |
| ३ | शृ, पा | पा–शृ–आ–हे–वे | १४२ | (शृ, पा) (वे, आ) (पा, वे) | १४२ |
| ४ | शृ, वे | पा–वे–आ–हे–शृ | १७४ | (शृ, वे) (शृ, पा) (वे, आ) | १४२ |
| ५ | आ, हे | पा–वे–हे–आ–शृ | १२४ | (आ, हे) (शृ, वे) (शृ, पा) | १२४ |
| ६ | वे, आ | पा–आ–हे–वे–शृ | १५३ | (वे, आ) (आ, हे) (शृ, वे) | १२४ |

पहिल्या आवर्तनात सरळ सुधारणा होते. त्यानंतरचा १४६ मिनिटांचा क्रम स्थानिक किमान आहे. त्याच्या शेजारातील सर्वांत चांगला क्रम १५५ मिनिटांचा आहे. साधी सुधारणापद्धत येथेच थांबली असती आणि शृंगारतळी, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, आबलोली हाच क्रम अंतिम म्हणून हाती आला असता. निषिद्ध शोध मात्र नऊ मिनिटांचा तोटा पत्करून पुढे जातो.

तिसऱ्या आवर्तनात (वे, आ) ही जोडी निषिद्ध असल्याने १४६ कडे परतता येत नाही. पण येथे यादी नसती तरी फरक पडला नसता, कारण शृंगारतळी व पालशेत यांच्या अदलाबदलीने १४२ मिळतात आणि ते १४६ पेक्षाही कमी आहेत. यादीची खरी कसोटी चौथ्या आवर्तनात लागते. १४२ मिनिटांच्या क्रमाचे संपूर्ण शेजार म्हणूनच तक्ता ३ मध्ये दिले आहे.

तक्ता ३ : चौथ्या आवर्तनातील शेजार (सध्याचा क्रम पा–शृ–आ–हे–वे, १४२ मिनिटे)

| अदलाबदल | वेळ | स्थिती |
|---|---|---|
| शृ, पा | १५५ | निषिद्ध |
| वे, आ | १६२ | निषिद्ध |
| शृ, वे | १७४ | स्वीकृत |
| हे, वे | १७८ | खुली |
| पा, वे | १८० | निषिद्ध |
| शृ, हे | १८० | खुली |
| पा, आ | १८६ | खुली |
| शृ, आ | १९१ | खुली |
| आ, हे | १९२ | खुली |
| पा, हे | २३१ | खुली |

हाही स्थानिक किमान आहे. यादी नसती, तर १५५ मिनिटांचा क्रम निवडला गेला असता. तोच क्रम दुसऱ्या आवर्तनानंतर हाती होता. त्याच्या शेजारातील सर्वोत्तम १४२ चाच असल्याने पुढचे सर्व आवर्तन १४२ आणि १५५ यांच्यात हेलकावे घेण्यात गेले असते. यादीने पहिल्या दोन्ही पसंतीच्या वाटा बंद केल्या, तेव्हा बत्तीस मिनिटांनी वाईट असा १७४ चा क्रम घ्यावा लागला. तो स्वतः काहीच कामाचा नाही. तथापि त्याच्या शेजारात १२४ मिनिटांचा क्रम आहे आणि १४२ च्या शेजारात तो नव्हता. पाचव्या आवर्तनात आबलोली व हेदवी यांची अदलाबदल होऊन पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, आबलोली, शृंगारतळी हा वळसा पूर्ण होतो. किनाऱ्याने जाऊन आतल्या बाजूने परतणे, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

हा क्रम खरोखर सर्वोत्तम आहे काय? शोधपद्धती स्वतः याचे उत्तर देत नाही. सहाव्या आवर्तनात ती १२४ सोडून १५३ कडे निघून जाते. उत्तरासाठी वेगळा युक्तिवाद लागतो. प्रत्येक ठिकाणाला मार्गातील दोन दुवे जोडलेले असतात. सहाही ठिकाणांच्या प्रत्येकी दोन सर्वांत लहान दुव्यांची बेरीज २३८ येते आणि प्रत्येक दुवा दोनदा मोजला गेल्याने एकूण वेळ ११९ पेक्षा कमी असू शकत नाही. आता १२४ पेक्षा कमी वेळाचा मार्ग असेल, तर त्याची दुप्पट २४६ किंवा त्याहून कमी असेल. म्हणजे २३८ च्या वर फार तर ८ ची सवलत उरते. आबलोलीचे सर्वांत लहान दुवे हेदवी २६ व शृंगारतळी ३० हे आहेत. तिसरा ४१ चा असून तो घेतल्यास ११ ची वाढ होते. म्हणून आबलोली–शृंगारतळी हा दुवा मार्गात असलाच पाहिजे. पण मग शृंगारतळीच्या दुव्यांची बेरीज किमान ४६ होते. तिची किमान शक्य बेरीज ३६ होती, म्हणजे वाढ १० ची. ती सवलतीत बसत नाही. अर्थात १२४ पेक्षा कमी वेळाचा मार्ग संभवत नाही.

यादी किती लांब असावी

याच उदाहरणात निषेधकाल एकच ठेवला, म्हणजे यादीत केवळ शेवटची जोडी राहू दिली, तर काय होते ते पाहणे उद्बोधक आहे. १४२ पर्यंतची वाट तीच राहते. चौथ्या आवर्तनात मात्र केवळ (शृ, पा) निषिद्ध असते आणि (वे, आ) खुली होते. त्यामुळे १६२ मिनिटांचा पा–शृ–वे–हे–आ हा क्रम निवडला जातो. पुढील आवर्तनात (शृ, पा) खुली होते आणि तिच्यामुळे पुन्हा १४६ चा क्रम हाती येतो. तेथून पुन्हा १५५, १४२, १६२, १४६ असे चक्र अखंड चालू राहते. शोध चालू आहे असे बाहेरून दिसते, प्रत्यक्षात तो चार क्रमांच्या फेऱ्यात अडकलेला असतो.

ही खूण व्यवहारात उपयोगी आहे. एकूण वेळांच्या नोंदीत आकड्यांची तीच मालिका त्याच अंतराने पुन्हा येऊ लागली, तर यादी अपुरी आहे असे समजावे. येथे निषेधकाल दोन केला तरी चक्र तुटते. उलट टोकाला दहाही जोड्या यादीत मावतील एवढी लांबी ठेवली, तर दहा आवर्तनांत सर्व कृती निषिद्ध होऊन शोधाला हालचालच उरत नाही. त्याआधीही, उरलेल्या मोजक्या कृतींतून निवड करावी लागल्याने चांगले क्रम हातचे निसटतात.

योग्य लांबी प्रश्नानुसार बदलते, हे ओळखून पुढील संशोधकांनी ती स्थिर ठेवण्याचे सोडून दिले. एरिक तायार यांनी १९९१ मध्ये निषेधकाल ठरावीक मर्यादांमध्ये अधूनमधून यादृच्छिक रीतीने बदलण्याची पद्धत मांडली. बत्तिती व तेक्योल्ली यांनी १९९४ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. पूर्वीचाच क्रम पुन्हा आढळल्यास लांबी वाढवावी आणि बराच काळ पुनरावृत्ती न दिसल्यास ती घटवावी, अशी त्यांची योजना होती. स्मृतीच्या पद्धतीने दैवाला दूर ठेवण्यापासून सुरुवात केली होती. तायार यांच्या योजनेत ते दैव मर्यादित स्वरूपात परत आले, ही या इतिहासातील लक्षणीय बाब होय.

यादी काय लक्षात ठेवते

चक्र टाळावयाचे, तर आजवर पाहिलेले सर्व क्रमच का लिहून ठेवू नयेत, असा प्रश्न साहजिक आहे. तसे केल्यास प्रत्येक नव्या क्रमाची साऱ्या जुन्या क्रमांशी तुलना करावी लागते. शिवाय केवळ पाहिलेले क्रम वगळल्याने शोध त्याच खळग्याच्या भोवती, किंचित वेगळ्या क्रमांतून घुटमळत राहू शकतो. ग्लोव्हर यांची निवड वेगळी होती. क्रम लक्षात न ठेवता नुकत्याच केलेल्या कृतीचे लक्षण तेवढे लक्षात ठेवावयाचे. (वे, आ) या एका नोंदीमुळे मागचा एकच क्रम नव्हे, तर त्या जोडीच्या अदलाबदलीने मिळणारा कोणताही क्रम तात्पुरता वर्ज्य होतो. थोड्या नोंदींत मोठा प्रदेश मागे टाकता येतो, तो यामुळेच.

याच काटकसरीची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. पहिली अशी की, कधीही न पाहिलेला क्रमही वर्ज्य होऊ शकतो. चौथ्या आवर्तनात (पा, वे) या जोडीने मिळणारा १८० मिनिटांचा क्रम पूर्वी कधीच हाती आलेला नव्हता, तरी तो निषिद्ध ठरला. असा एखादा अनोळखी क्रम सर्वोत्तम निघाला, तर तो गमावला जाऊ नये, म्हणूनच आकांक्षेचा निकष आवश्यक ठरला.

दुसरी किंमत याच्या उलट आहे. निषिद्ध वाटणारा मार्ग दुसऱ्या दाराने आत येतो. सहाव्या आवर्तनात (शृ, पा) ही जोडी निषिद्ध होती. तिने मिळाला असता तो क्रम शृ–वे–हे–आ–पा, १५३ मिनिटांचा. प्रत्यक्षात (वे, आ) ही खुली जोडी निवडली गेली आणि पा–आ–हे–वे–शृ हा क्रम मिळाला. तोही १५३ मिनिटांचाच. हा योगायोग नाही. दुसरा क्रम शेवटाकडून वाचला की पहिलाच मिळतो. म्हणजे यादीने एक कृती रोखली आणि तोच मार्ग दुसऱ्या कृतीने उलट दिशेने अवतरला. जाण्यायेण्याचे वेळ सारखे असलेल्या प्रश्नांत ही फट नेहमीच राहते. ती बुजवावयाची, तर गावांच्या जोडीऐवजी मार्गातून नुकत्याच काढलेल्या दुव्यांची नोंद ठेवावी लागते.

याहून मूलगामी मर्यादा अदलाबदलीच्या कृतीतच आहे. १४६ मिनिटांचा क्रम शृ–पा–वे–हे–आ आणि सर्वोत्तम क्रम पा–वे–हे–आ–शृ यांची तुलना केली, तर दोहोंत शृंगारतळीच्या जागेचाच फरक दिसतो. शृंगारतळी उचलून शेवटी ठेवली की काम होते. परंतु अदलाबदलीला एखादे गाव उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. एक हलविले की दुसरे त्याच्या जागी येते. म्हणून जे अंतर उचलून ठेवण्याच्या कृतीने एका पायरीत कापले असते, त्यासाठी येथे चार आवर्तने लागली आणि मध्ये १७४ मिनिटांचा चढ चढावा लागला. १४६ मिनिटांवरील खळगा गुहागरच्या रस्त्यांमुळे निर्माण झालेला नव्हता, तो निवडलेल्या कृतीमुळे निर्माण झाला होता. जाँद्रो, हर्ट्झ व लापोर्त यांनी वाहनमार्गांच्या प्रश्नासाठी १९९४ मध्ये जी निषिद्ध शोधपद्धती प्रसिद्ध केली, तिच्यात ग्राहकाला एका मार्गातून काढून दुसऱ्या मार्गात घालणे हीच मुख्य कृती ठेवली होती, ही बाब या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

निष्कर्ष

टाबू शोधाची निषिद्ध यादी ही स्थानिक किमानातून बाहेर पडण्याची युक्ती म्हणून ओळखली जाते. वरील उदाहरण पाहता हे वर्णन अपुरे ठरते. बाहेर पडण्याचे काम वाईट क्रम स्वीकारण्याच्या नियमाने होते. यादीचे काम परतीची वाट काही काळ बंद ठेवण्याचे आहे. सहा आवर्तनांपैकी एकाच ठिकाणी, १४२ मिनिटांच्या क्रमापाशी, तिच्यामुळे निर्णय बदलला आणि त्या एका बदलावर पुढील सुधारणा अवलंबून होती. यादी एका नोंदीइतकी आखूड केली असता हाच शोध चार क्रमांच्या चक्रात अडकला.

या उदाहरणात सहा आवर्तनांत ६० क्रम तपासले गेले आणि एकूण भिन्न मार्गही ६० च आहेत. तेव्हा पाच गावांसाठी या पद्धतीची गरज नाही, हे उघड आहे. वीस ठिकाणांसाठी मात्र दर आवर्तनात १९० अदलाबदलीच तपासाव्या लागतात आणि तेथे पद्धतीचा उपयोग सुरू होतो. तेथेही ती सर्वोत्तमाची हमी देत नाही. हाती आलेला क्रम किती चांगला आहे, हे ठरविण्यासाठी वर दिलेल्या ११९ मिनिटांसारखी एखादी खालची मर्यादा स्वतंत्रपणे काढावी लागते. वितरणक्रमासाठी ही पद्धत वापरताना यादीची लांबी ठरविण्याआधी कृतीची निवड तपासून पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते, कारण कोणते खळगे वाटेत येतील हे त्या निवडीवरच अवलंबून असते.